उंबरठ्याचे आवर्तन आणि संदर्भ जनुक

कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे सीटस नावाच्या कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मलिस यांना १९८३ साली पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेची, म्हणजे आज सर्वत्र पीसीआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रियेची कल्पना सुचली आणि दहा वर्षांनी त्यांना तिच्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, हा इतिहास आता शाळेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला आहे. परंतु त्या दहा वर्षांत ही प्रक्रिया वापरणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला जी एक उणीव सतत बोचत होती, तिचा उल्लेख सहसा होत नाही. डीएनएचा हवा तो तुकडा पीसीआरने कोट्यवधी पटींनी वाढवता येई, तो मुळात नमुन्यात होता की नव्हता हे छातीठोकपणे सांगता येई. पण तो किती होता, या प्रश्नाला तिच्याजवळ भरवशाचे उत्तर नव्हते. पेशीत एखादे जनुक किती जोमाने काम करीत आहे हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याला ‘आहे’ एवढ्या उत्तराने काय होणार? काम करणाऱ्या जनुकाची प्रत आरएनएच्या रूपात पेशीत वावरत असते; त्या आरएनएवरून उलट दिशेने डीएनए घडवून घेतला, की पीसीआरला तो वाढवता येतो. तेव्हा प्रश्न सारा मोजणीचा होता.

ही मोजणी अवघड का होती, हे समजण्यासाठी अभिक्रियेचा स्वभाव पाहावा लागतो. नळीतील मिश्रण तापवून डीएनएचे दोन धागे विलग करायचे, थंड करून त्यांवर प्रायमर नावाचे लहान तुकडे बसू द्यायचे, आणि मग उष्णता सोसणाऱ्या विकराकडून नवे धागे विणून घ्यायचे, असे एक आवर्तन पुरे झाले की तुकड्यांची संख्या दुप्पट होते. तीस आवर्तनांत ती शंभर कोटी पटींच्या घरात जाते. हे दुपटीचे गणित मात्र शेवटपर्यंत टिकत नाही. प्रायमर संपत येतात, विकर थकते, आणि तयार झालेले धागे इतके दाटतात की प्रायमरला जागा देण्याऐवजी ते एकमेकांनाच जाऊन चिकटतात. वाढ मंदावते आणि अखेरीस थांबते. ज्या नळीत आरंभी हजार प्रती होत्या आणि जिच्यात लाख होत्या, त्या दोन्ही शेवटी जवळपास एकाच पातळीवर येऊन स्थिरावतात. आणि त्या काळची रीत अशी होती, की सर्व आवर्तने संपल्यावर नळी उघडायची, मिश्रण जेलच्या पट्टीवर चालवायचे आणि दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी पाहून अंदाज बांधायचा! म्हणजे ज्या क्षणी मोजणी करण्यात सर्वांत कमी अर्थ उरला होता, नेमका तोच क्षण मोजणीसाठी मुकरर झालेला होता.

यावर उपाय शोधणारे लोक थोडे नव्हते. ज्ञात प्रमाणातील दुसरा डीएनए त्याच नळीत घालून दोघांची स्पर्धा लावण्याची पद्धत १९९० च्या सुमारास रूढ झाली होती व ती काळजीपूर्वक केल्यास फळही देत असे. पण एका नमुन्यासाठी अनेक नळ्या लावाव्या लागत आणि श्रम अतोनात पडत. खरी वाट काढली ती एमरीव्हिलमध्येच, रसेल हिगुची यांनी. सीटसचा पसारा १९९१ साली मोडला आणि पीसीआरचे हक्क तीस कोटी डॉलरना हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीकडे गेले, तरी प्रयोगशाळेतील माणसे बव्हंशी तीच राहिली, आणि हिगुची व त्यांचे सहकारी त्यांपैकी होते.

हिगुचींनी केले ते इतके साधे होते, की ते आधी कोणी का केले नाही याचे आश्चर्य वाटते. इथिडियम ब्रोमाइड हे रंगद्रव्य दुपदरी डीएनएत शिरून बसले की अतिनील प्रकाशाखाली पुष्कळ अधिक चमकते, ही गोष्ट जेलच्या पट्टीवर रोज पाहिली जात होती. हिगुचींनी ते द्रव्य शेवटी पट्टीवर वापरण्याऐवजी आरंभीच नळीत घातले. अभिक्रिया तरीही चालली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, प्रकाशमापक यंत्रातून काढलेला काचतंतू चालू असलेल्या नळीवर टेकवून घेतलेली नोंद आहे. तीत चमक प्रत्येक आवर्तनासोबत हेलकावे घेते: मिश्रण तापून धागे विलग झाले की ती घसरते, थंड होऊन धागे जुळले की पुन्हा चढते, आणि पुरेशी आवर्तने झाल्यावर हे चढाव एकापेक्षा एक उंच होत जातात. नळी एकदाही उघडलेली नसते. बंद नळीचा हा गुण त्या वेळी सोयीचा वाटला असेल. तो किती मोलाचा होता याचा प्रत्यय पुढे एका न्यायालयात यायचा होता.

दुसऱ्याच वर्षी, १९९३ मध्ये, त्यांनी काचतंतूच्या जागी कॅमेरा आणला. तापवणाऱ्या-थंडावणाऱ्या ठोकळ्यावर अतिनील दिवे, वर संगणकाच्या आज्ञेत चालणारा कॅमेरा, आणि प्रत्येक आवर्तनाला सगळ्या नळ्यांचे एकदम छायाचित्र. चमकेच्या आकड्यांचा आवर्तनांशी आलेख काढला, की प्रत्येक नळीची एक वक्ररेषा मिळे. या वक्ररेषांकडे पाहताच जे ध्यानात आले त्यावर पुढचे सर्व शास्त्र उभे आहे. रेषांचे शेवट गोंधळलेले होते. एकाच नमुन्याच्या दोन नळ्यांतसुद्धा अंतिम पातळी वेगळी निघे. पण रेषा जेथे जमिनीवरून उठत होत्या, ती जागा विलक्षण नियमित होती. ज्या नळीत आरंभी जास्त प्रती, तिची रेषा आधी उठे. जीत कमी, तिची मागाहून. आणि हे मागेपुढे होणे दुपटीच्या गणिताशी तंतोतंत जुळत होते. तेव्हा ‘शेवटी किती झाले’ हे विचारायचे सोडून ‘ठराविक पातळी कितव्या आवर्तनाला गाठली’ हे विचारायचे, एवढाच तो पालट होता. चक्रवाढ व्याजाने कर्ज दिलेल्या सावकाराच्या वहीत दोन कुळांची घरेदारे शेवटी सारखीच जप्त झालेली दिसतात. मूळ रक्कम कोणाची मोठी होती हे मात्र कर्जाने शंभराचा आकडा कोणत्या साली ओलांडला यावरून उमगते.

ठराविक पातळी म्हणजे उंबरठा, आणि तो ओलांडला जाण्याचे आवर्तन म्हणजे उंबरठ्याचे आवर्तन. प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसते ‘सीटी’ म्हणतात. उंबरठा कोठे आखायचा, याचीही रीत लवकरच बसली. पहिल्या काही आवर्तनांत डीएनए इतका अल्प असतो, की यंत्राला दिसते ती केवळ पार्श्वभूमीची मंद चमक. साधारणतः तिसऱ्या ते पंधराव्या आवर्तनातील या चमकेचे चढउतार मोजून त्यांच्या प्रमाण विचलनाच्या दहापट उंचीवर रेषा ओढायची. ती पार्श्वभूमीच्या स्पष्टपणे वर हवी आणि वाढ अद्याप दुपटीने चालली असेल अशा पट्ट्यातही हवी. यातून एक गोष्ट निघते, जी नवशिक्यांना आरंभी उलटी वाटते: सीटी जितका लहान, तितका माल जास्त. आवर्तन खरोखर दुपटीचे असेल तर सीटीतील एका आवर्तनाचा फरक म्हणजे मुळात दुपटीचा फरक, आणि दहापट फरकाला ३.३२ आवर्तने.

इथिडियम ब्रोमाइडला एक खोड होती: कोणताही दुपदरी डीएनए त्याला चालतो, मग तो हवा तो तुकडा असो की प्रायमर एकमेकांना जोडले जाऊन झालेला कचरा असो. हा दोष दूर झाला तो सीटसमधीलच आणखी एका शोधाने. पॉल हॉलंड, डेव्हिड गेलफंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवले होते, की पीसीआरचे विकर धागा विणताना वाटेत आडवा आलेला दुसरा तुकडा कुरतडून टाकते. मग हव्या असलेल्या क्रमावरच बसेल असा एक प्रोब घ्यायचा, त्याच्या एका टोकाला चमकणारे आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबून टाकणारे द्रव्य लावायचे. विकराने तो कुरतडला की दोघांची ताटातूट होते आणि चमक मोकळी होते. तोंड वासून ठिपके गिळत धावणाऱ्या पॅक-मॅन या खेळावरून गेलफंड यांनी या पद्धतीला टॅकमॅन असे नाव दिले. ख्रिश्चन हाइड, केनेथ लिव्हॅक, मिकी विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या प्रोबच्या आधारे प्रत्यक्षकाल मोजणीचे निबंध प्रसिद्ध केले, त्याच सुमारास शहाण्णव नळ्या एकदम पाहणारे यंत्र बाजारात आले, आणि एका लाखपटीच्या टप्प्यात पसरलेली प्रमाणे एकाच बैठकीत मोजता येऊ लागली.

येथवर यंत्राची कथा झाली. पण जनुकांच्या अभिव्यक्तीचा अभ्यास करणाऱ्याला सीटी हाती आला तरी त्याचे समाधान होत नाही, कारण त्याला तुलना करायची असते: निरोगी ऊतीत हे जनुक किती, रोगग्रस्त ऊतीत किती, औषधाआधी किती, नंतर किती. आणि दोन नमुन्यांतून निघालेला आरएनए कधीच सारखा नसतो. एका तुकड्यात पेशी जास्त असतात, एकातून आरएनए नीट सुटत नाही, एकाचा थोडा नासतो, तर एकाचे डीएनएत रूपांतर अर्धवट होते. या सर्व चुका सीटीत निमूटपणे मिसळतात. त्यांचा हिशेब चुकता करण्यासाठी प्रत्येक नमुन्यात आणखी एक जनुक मोजावयाचे, ज्याची अभिव्यक्ती सर्व नमुन्यांत स्थिर राहते असे मानता येईल. तेच संदर्भ जनुक. नमुन्यावर जो अन्याय झाला तो दोघांवर सारखाच झाला असणार, तेव्हा एकाच्या प्रमाणात दुसऱ्याकडे पाहिले की अन्याय फिटतो.

हा हिशेब सर्वांच्या हाती दिला तो फॉस्टर सिटी येथील अप्लाइड बायोसिस्टम्सचे केनेथ लिव्हॅक आणि वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाचे थॉमस श्मिटजेन यांनी. कंपनीच्या १९९७ सालच्या एका माहितीपत्रकात ही पद्धत आधीच दिलेली होती. २००१ साली ‘मेथड्स’ या नियतकालिकात दोघांनी तिची सविस्तर मांडणी केली, आणि तो निबंध जीवशास्त्रातील सर्वाधिक उद्धृत निबंधांत जाऊन बसला. त्यातील एक कोष्टक येथे उलगडून पाहण्यासारखे आहे. मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या आरएनएत सी-मिक या जनुकाचे प्रमाण ताडून पाहायचे होते व संदर्भ म्हणून जीएपीडीएच हे जनुक घेतले होते. मेंदूत सी-मिकचा सरासरी सीटी ३०.४९ आला, मूत्रपिंडात २७.०३. एवढ्यावरच थांबले, तर फरक ३.४६ आवर्तनांचा, म्हणजे मूत्रपिंडात सी-मिक सुमारे अकरापट. पण जीएपीडीएचचा सीटी मेंदूत २३.६३ आणि मूत्रपिंडात २२.६६ होता, म्हणजे तोही मूत्रपिंडात जवळजवळ एक आवर्तन आधी उठला होता, आणि म्हणून मूत्रपिंडाच्या नळ्यांत मुळातच जवळपास दुप्पट माल पडला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. आता प्रत्येक ऊतीत सी-मिकमधून जीएपीडीएच वजा करायचे: मेंदूत ६.८६ उरतात, मूत्रपिंडात ४.३७. आता मूत्रपिंडाच्या बाकीतून मेंदूची बाकी वजा केली की −२.४९, आणि चिन्ह पालटून दोनाचा २.४९ वा घात घेतला की सुमारे ५.६. मूत्रपिंडात सी-मिक अकरापट नव्हे, साडेपाचपटीहून किंचित अधिक. संपूर्ण पद्धत या एका ओळीत मावते:

```
2^−ΔΔCT
```

एवढ्या सुबक हिशेबात दोन गृहीतके दडलेली आहेत, आणि पुढील दशकाचा इतिहास म्हणजे त्या दोहोंची चौकशी होय. पहिले गृहीतक असे, की दोन्ही जनुकांची वाढ प्रत्येक आवर्तनात खरोखर दुपटीनेच होते. ती दोनाऐवजी एकाची १.९ पट होत असेल, तर पंचवीस आवर्तनांनंतर दोघांत साडेतीन पटींहून अधिक अंतर पडते, आणि हे अंतर कोणत्याही जीवशास्त्राशिवाय, केवळ प्रायमर वाईट निवडल्यामुळे पडते. लिव्हॅक व श्मिटजेन यांनी याची कसोटीही सांगून ठेवली होती: एकच नमुना शंभरपटीपर्यंत टप्प्याटप्प्याने पातळ करीत जावा आणि दोन सीटींतील अंतर प्रत्येक टप्प्यावर तेच राहते का ते पाहावे. म्युनिकजवळच्या वाइहेनस्टेफान येथील मिखाएल फाफल यांनी त्याच २००१ साली पुढचे पाऊल टाकले आणि दुपटीच्या जागी प्रत्येक जनुकाची प्रत्यक्ष मोजलेली कार्यक्षमता घालणारे सूत्र दिले. ही दुरुस्ती अंकगणिताची होती, म्हणून तीवर फारसा वाद झाला नाही.

दुसरे गृहीतक अधिक खोल होते. वरील कोष्टकात जीएपीडीएच मूत्रपिंडात एक आवर्तन आधी उठले, यावरून तेथे माल दुप्पट होता असे आपण मानले. पण माल सारखाच असून मूत्रपिंडाच्या पेशी जीएपीडीएचच दुप्पट बनवीत असतील तर? मग खरे उत्तर अकरापट हेच ठरते. दोन उत्तरांतून निवड करणारा पुरावा त्या चार आकड्यांत कोठेही नाही. तो बाहेरूनच आणावा लागतो. मला या निबंधाबद्दल विशेष आदर वाटतो तो यासाठी, की त्याच निबंधात, त्या कोष्टकापासून काही पानांच्या अंतरावर, लेखकांनी स्वतःच हा प्रश्न उपस्थित करून त्याचा निकालही दाखवला आहे. उंदराच्या तंतुपेशींना काही काळ रक्तद्रवाविना ठेवून मग तो परत दिला आणि वेळोवेळी दोन संभाव्य संदर्भ जनुके मोजली. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचा सीटी जागचा हलला नाही. जीएपीडीएचचा मात्र काळानुसार सरकत गेला. निष्कर्ष त्यांनी स्पष्ट लिहिला: या प्रयोगात जीएपीडीएच संदर्भ म्हणून चालणार नाही.

जीएपीडीएच हे मुळात साखर फोडून ऊर्जा काढणाऱ्या साखळीतील विकराचे जनुक. प्रत्येक पेशीला ऊर्जा लागतेच, म्हणून ते सर्वत्र स्थिर असेल, असा तर्क जुन्या पद्धतींच्या काळापासून चालत आला होता आणि नव्या यंत्राबरोबर तो जसाच्या तसा वारशाने आला. पण पेशीला अन्न मिळाले, प्राणवायू कमी पडला, किंवा ती कर्करोगाच्या वाटेला लागली, की साखर फोडण्याचा वेग बदलतो व त्यासोबत हे जनुकही बदलते. म्हणजे कर्करोगाच्या अभ्यासात ज्या परिवर्तनाचा शोध घ्यायचा, तेच परिवर्तन मोजपट्टीलाही ग्रासून असण्याचा संभव! आणि गंमत अशी नव्हे, दुर्दैव असे, की हा दोष आलेखावर दिसत नाही. वक्ररेषा सुरेख उठतात, तिन्ही पुनरावृत्ती एकमेकींशी जुळतात, आणि उत्तर मात्र खोटे असते.

बेल्जियममधील गेंट येथे यो वांदेसोम्पेले, फ्रँक स्पेलमन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली या गोष्टीचा तपशीलवार झाडा घेतला. त्यांनी मानवी ऊतींचे आणि पेशींचे पंच्याऐंशी नमुने घेऊन प्रत्येकात दहा प्रचलित संदर्भ जनुके मोजली. एक संदर्भ जनुक दुसऱ्या एका संदर्भ जनुकाऐवजी वापरले तर उत्तर कितीने बदलते, हे त्यांनी पाहिले, तेव्हा चौथाई प्रसंगांत तीनपट किंवा त्याहून मोठी आणि दहा टक्के प्रसंगांत सहापटीहून अधिक चूक आढळली. दुप्पट-तिप्पट वाढीवर सिद्धान्त उभारले जात असताना खुद्द मोजपट्टीच तिपटीने ताणली जात होती. त्यांनी सुचवलेला मार्ग असा: कोणतेही जनुक स्थिर असल्याचे आधी मान्य करायचे नाही, दोन जनुके खरोखर स्थिर असतील तर त्यांचे परस्परांशी गुणोत्तर सर्व नमुन्यांत कायम राहिले पाहिजे, या कसोटीवर प्रत्येकाला इतर सर्वांशी ताडायचे, सर्वांत चंचल ठरेल त्याला बाद करायचे, आणि ही छाटणी करीत शेवटी उरणाऱ्या निदान तिघांचा भूमितीय मध्य संदर्भ म्हणून घ्यायचा. या मार्गालाही मर्यादा आहे. दोन जनुके एकाच नियंत्रणाखाली असतील, तर ती दोन्ही हलत असताना त्यांचे गुणोत्तर मात्र अचल राहते आणि ही कसोटी फसते. म्हणून उमेदवार जनुके पेशीच्या वेगवेगळ्या खात्यांतून निवडावी लागतात.

हे सर्व लेख प्रसिद्ध होत असताना बहुसंख्य प्रयोगशाळा एकट्या जीएपीडीएचवर किंवा बीटा-ॲक्टिनवर विसंबून राहिल्या होत्या, आणि त्यांच्या ढिलाईची चर्चा तज्ज्ञांच्या बैठकांबाहेर गेली नव्हती. ती बाहेर आली २००७ च्या जून महिन्यात, वॉशिंग्टन येथे, लसीमुळे इजा झाल्याच्या दाव्यांची सुनावणी करणाऱ्या विशेष न्यायाधिकाऱ्यांपुढे. गोवराच्या लसीतील विषाणू आतड्यात टिकून राहिल्याने मुले स्वमग्न होतात, असा दावा होता, आणि त्याचा मुख्य वैज्ञानिक आधार म्हणजे डब्लिनमधील एका प्रयोगशाळेने प्रत्यक्षकाल पीसीआरने अशा मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत गोवराचा आरएनए आढळल्याचे दिलेले निष्कर्ष. लंडन विद्यापीठाचे स्टीफन बस्टिन यांनी त्या प्रयोगशाळेची दप्तरे इंग्लंडातील अशाच दाव्याच्या निमित्ताने तपासली होती, आणि त्यांची जबानी येथे झाली.

त्यांच्या जबानीतील दोन मुद्दे आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहेत. गोवराचा विषाणू आरएनएचा असतो. डीएनएच्या रूपात तो कधीही नसतो. तेव्हा आरएनएचे डीएनए करण्याची पायरी मुद्दाम गाळली, तर नळीतून काहीच उगवता कामा नये. ही पायरी चुकून गाळली गेलेल्या नळ्यांतही गोवर ‘सापडला’ होता, म्हणजे जे सापडले तो बाहेरून शिरलेला डीएनए होता. दुसरा मुद्दा संदर्भ जनुकाने उघड केला. काही तुकडे ताजे गोठवलेले होते, काही फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले. फॉर्मॅलिनमध्ये आरएनएची नासाडी होते, आणि म्हणून अशा तुकड्यांत जीएपीडीएचचा सीटी अपेक्षेप्रमाणे मागे पडला होता. गोवराचा सीटी मात्र दोन्हींत सारखाच होता. एकाच तुकड्यात राहिलेल्या दोन आरएनएंपैकी एक नासावा आणि दुसरा शाबूत राहावा, हे संभवत नाही. जो नासला नाही तो त्या तुकड्यात नव्हताच, तो मागाहून, आरएनए काढून झाल्यावर, नळीत आला होता. एरवी ज्या जीएपीडीएचच्या चंचलतेबद्दल एवढी तक्रार करावी लागते, त्यानेच येथे नमुन्याची खरी अवस्था सांगितली. विशेष न्यायाधिकाऱ्यांनी १२ फेब्रुवारी २००९ रोजी दिलेल्या निकालात डब्लिनचे निष्कर्ष विश्वासार्ह मानले नाहीत आणि दावा फेटाळला.

निकालानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल २००९ मध्ये, ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात बस्टिन, वांदेसोम्पेले, फाफल आणि आणखी काही सहकाऱ्यांनी मिळून मोजणीच्या पीसीआरचे निबंध प्रसिद्ध करताना द्यावयाच्या किमान माहितीची यादी जाहीर केली. ती ‘माइकी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. आरएनए कसा काढला आणि त्याची शुद्धता कशी तपासली, प्रायमरचा क्रम काय, प्रत्येक जनुकाची कार्यक्षमता किती मोजली, रिकाम्या नळीत आणि रूपांतराची पायरी गाळलेल्या नळीत काय आले, हे सारे त्यात मागितले आहे. संदर्भ जनुकाबाबत तिचे शब्द निःसंदिग्ध आहेत: एकाच संदर्भ जनुकाच्या आधारे काढलेले प्रमाण ग्राह्य धरू नये, ते जनुक त्याच प्रयोगाच्या परिस्थितीत अचल राहते असा स्पष्ट पुरावा लेखकांनी परीक्षकांपुढे ठेवला असेल तेवढाच अपवाद.